आधी खुशाली, मग काम : यजमानांना स्वाहिलीतून निरोप

टांझानियात कोणाच्या घरी राहायला जायचे असेल आणि यजमानांना मोबाइलवरून स्वाहिलीत निरोप पाठवायचा असेल, तर येण्याचा दिवस आणि वेळ शेवटी लिहितात. त्याआधी अभिवादन, घरच्यांची विचारपूस आणि प्रकृतीची चौकशी या क्रमाने येतात. हा क्रम गाळून थेट कामाचे लिहिले, तर व्याकरण कितीही शुद्ध असले तरी निरोप उद्धट वाटतो.

समजा, मोरोगोरोतील एका वयस्क बाईंकडे उतरायचे आहे. त्यांच्या थोरल्या मुलीचे नाव नेमा. मग त्यांना नावाने हाक न मारता ‘मामा नेमा’ म्हणतात आणि त्यांच्या पतीला ‘बाबा नेमा’. ‘नेमाची आई’ म्हणण्याची ही रीत मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. निरोपाचा पहिला शब्द ‘शिकामो’ असतो. तो लहानाने मोठ्याला म्हणायचा आदराचा शब्द आहे आणि त्याला ‘माराहाबा’ हे एकच ठरलेले उत्तर आहे. बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसाला तो वापरत नाहीत. तरुण मित्र एकमेकांना ‘माम्बो’ म्हणतात आणि ‘पोआ’ असे उत्तर देतात. हे मित्रांमधले शब्द मामा नेमांना लिहिणे सलगीचे ठरेल. टांझानियात ‘शिकामो’ सर्वत्र चालतो. केनियात मात्र तो मुख्यतः किनारपट्टीवर ऐकू येतो.

यानंतर ‘हाबारी’ने सुरू होणारे प्रश्न येतात. ‘हाबारी झा जिओनी?’ म्हणजे संध्याकाळ कशी आहे, ‘हाबारी झा न्युम्बानी?’ म्हणजे घरचे कसे चालले आहे. बऱ्याच दिवसांनी लिहीत असल्यास ‘हाबारी झा सिकू न्यिंगी?’ असे विचारून मधल्या काळाची खुशाली घेतात. या सगळ्यांचे उत्तर ‘न्झुरी’, ‘न्जेमा’ किंवा ‘सालामा’ असे येते.

मग एकेका माणसाची चौकशी होते. ‘बाबा नेमा हाजाम्बो?’ म्हणजे नेमाचे वडील बरे आहेत ना, ‘वाटोटो हावाजाम्बो?’ म्हणजे मुले बरी आहेत ना. इथे उत्तराचा साचा बदलतो. ‘हुजाम्बो?’ (तुम्ही बरे आहात ना) या प्रश्नाला स्वतःपुरते ‘सिजाम्बो’ आणि ‘हामजाम्बो?’ (तुम्ही सगळे बरे आहात ना) याला घरातल्या सगळ्यांतर्फे ‘हातुजाम्बो’ असे उत्तर द्यायचे असते. तिसऱ्या माणसाबद्दल मात्र प्रश्नातलाच शब्द उत्तरात परत येतो. ‘हुजाम्बो?’ला ‘न्झुरी’ म्हणणे ही शिकाऊ माणसाची नेहमीची चूक आहे. शेवटी ‘आफ्या याको इनाएंडेलेआजे?’ असे लिहून खुद्द यजमानीणबाईंच्या प्रकृतीची चौकशी करतात. समोरासमोर प्रत्येक प्रश्नाला लगेच उत्तर मिळते; मोबाइलवर हेच प्रश्न एका निरोपात ओळीने लिहिता येतात आणि उत्तरेही एकत्र येऊ शकतात.

मामा नेमांचे उत्तर असे असू शकेल : ‘माराहाबा म्वानांगू. न्झुरी. हातुजाम्बो. बाबा नेमा हाजाम्बो, इला आना माफुआ किडोगो.’ ‘म्वानांगू’ म्हणजे माझ्या लेकरा. शेवटच्या वाक्याचा अर्थ असा : नेमाचे वडील बरे आहेत, पण त्यांना थोडी सर्दी आहे. आधी ‘बरे आहेत’ म्हणायचे आणि अडचण नंतर सांगायची, ही इथली पद्धत आहे. घरात आजारपण असले तरी पहिले उत्तर सहसा ‘न्झुरी’च असते. म्हणून ‘न्झुरी’ वाचून समाधान मानू नये. ‘इला’ किंवा ‘लाकिनी’ म्हणजे ‘पण’, हा शब्द पुढे आहे का ते पाहावे. खरी बातमी त्याच्यामागे असते.

तशी बातमी असेल तर तिची दखल घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘म्पे पोले बाबा नेमा’ असे लिहिले की नेमाच्या वडिलांना आपली सहानुभूती कळवा, असा अर्थ होतो. ‘पोले’ हा शब्द आजारपण, दमणूक, दुःख या सगळ्यांसाठी चालतो. त्यात चूक कबूल करण्याचा भाव नसतो.

एवढे झाल्यावर येण्याचे कळवावे. ‘जुमामोसी साआ न्ने आसुबुही’ म्हणजे शनिवारी सकाळी दहा वाजता. ‘न्ने’ म्हणजे चार, पण स्वाहिली घड्याळात दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणून चौथा तास दहाला पूर्ण होतो. पाहुण्याने आपल्या घड्याळाप्रमाणे आकडा लिहिला, तर सहा तासांचा घोळ होतो.

निरोपाच्या अखेरीस ‘निसालिमिए वोटे न्युम्बानी’, म्हणजे घरच्या सगळ्यांना माझा नमस्कार सांगा, असे लिहितात. यजमानांकडून ‘कारिबू साना’, म्हणजे अवश्य या, असे उत्तर आले की येणे पक्के झाले असे समजावे.