मोकळ्या केसांची वेणी: फोटोत बटांचा प्रवाह कसा जुळवायचा

शिरूर आणि दौंडच्या फोटो स्टुडिओंकडे लग्नसराईत एक मागणी ठरलेली असते: साखरपुड्याच्या फोटोत मुलीचे केस मोकळे आहेत, अल्बमसाठी तिथे वेणी हवी. फोटोशॉपमध्ये हे काम होते. पण तयार वेणीचे चित्र आणून खांद्यावर ठेवले, तर ते चिकटवलेलेच दिसते. कारण वेणी घातली की डोक्यावरच्या केसांचीही दिशा बदलते.

एक उदाहरण घेऊ. समजा, दौंडजवळ भीमेच्या काठी दुपारी चारच्या सुमारास काढलेला फोटो आहे. मुलगी समोर पाहते आहे, भांग मधोमध आहे, ऊन आपल्या डावीकडून येते आहे आणि केस दोन्ही खांद्यांवर छातीपर्यंत पसरले आहेत.

## आधी काय शक्य आहे ते पाहा

समोरून काढलेल्या फोटोत पाठीवरची वेणी दिसतच नाही. ती दाखवायची तर एका खांद्यावरून पुढे घ्यावी लागते. अंबाड्याचेही तसेच: मानेवर बांधलेल्या अंबाड्याची फार तर कडा डोकावेल, म्हणून तिथे सगळे काम डोक्यावरचे केस चापून बसवण्याचेच असते. पोनीटेल उंच बांधलेली असेल तरच समोरून दिसते. हे ग्राहकाला आधीच सांगावे.

फोटो मूळ आकारात मागवा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि बटांच्या जागी नुसते काळे पट्टे उरतात. त्यातून प्रवाह वाचता येत नाही.

## मोकळे केस काढणे

हा सर्वांत वेळखाऊ भाग आहे. केस मागे गेले की मान, कान, ब्लाउजचा गळा आणि मागची पार्श्वभूमी उघडी पडते. नदीचा काठ `Clone Stamp` ने भरता येतो, पण कान कल्पनेने रंगवू नये. त्याच दिवशी काढलेल्या, केस मागे सारलेल्या दुसऱ्या फोटोतून कान आणि कानातले घ्यावे. तसा फोटो नसेल तर कानावर एक सैल बट ठेवावी. घरी घातलेल्या वेणीतही ती सुटतेच.

## भांगापासून मानेपर्यंत

वेगळ्या लेअरवर आधी दिशारेषा काढा. भांगापासून निघालेली प्रत्येक रेषा कानावरून वळून मानेमागच्या एकाच जागी जायला हवी. मग `Liquify` मधल्या `Forward Warp` ने मूळ केस मोठ्या ब्रशने हळूहळू त्या रेषांवर आणा. केस ताणले गेल्याने डोक्याचा फुगीरपणा थोडा कमी होतो, तोही कमी करा. डोक्यावरची चमक बटांना आडवी पट्ट्यासारखी पडते. प्रवाह वळवल्यावर तो पट्टा तुटला असेल, तर नव्या दिशेला आडवा असा पुन्हा रंगवा.

## वेणीचे पेड

वेणीसाठी त्याच फोटोतल्या केसांचा तुकडा वापरा. रंग आणि पोत आपोआप जुळतो. `Warp` ने त्याला पेडाचा आकार द्या: वर रुंद, खाली निमुळता, आतल्या बाजूला वळलेला. बटा पेडाच्या लांबीच्या दिशेनेच धावल्या पाहिजेत. असे पेड डावे-उजवे एकाआड एक रचत जा आणि खाली जाताना प्रत्येक किंचित लहान करा.

इथे एक चूक फार होते. डावा पेड आरशासारखा उलटवून उजवा केला की त्यावरची उजेडाची बाजूही उलटते. आपल्या फोटोत ऊन डावीकडून आहे, म्हणून दोन्ही पेडांची उजळ बाजू डावीकडेच हवी. उलटवलेल्या पेडावरची चमक पुसून नव्याने द्या. पेड एकमेकांखाली शिरतात तिथे गडद सावली द्या, आणि वेणीची ब्लाउजवर पडणारी सावली `Multiply` लेअरवर उजवीकडे सरकवून ठेवा.

लांबीचेही भान ठेवा. विणल्यावर केस आखूड होतात, म्हणून छातीपर्यंतच्या केसांची वेणी कमरेपर्यंत पोहोचणार नाही. वेणी जिथून सुरू होते तो सांधा अवघड वाटला तर गजरा माळावा. मात्र गजऱ्यालाही स्वतःची सावली लागते.

## सुटे केस

चेहरा 1000 पिक्सेल रुंद असेल तर एक केस जेमतेम अर्ध्या पिक्सेलचा होतो. म्हणजे फोटोत आपल्याला दिसतात त्या बटा, सुटा केस नव्हे. म्हणून वेणीभर बारीक रेघा ओढू नयेत. कपाळाची कड, मान आणि वेणीच्या बाहेरच्या कडेवर मोजके केस काढावेत, टोकाकडे विरळ होत जाणारे. शेवटी मूळ फोटोइतकाच दाणा `Add Noise` ने नव्या भागावर द्यावा.

## तपासणी

चित्र आडवे उलटवून पाहा. सवयीने न दिसलेला वाकडा प्रवाह लगेच खटकतो. मग रंग काढून कृष्णधवल करा. वेणी डोक्यावरच्या केसांपेक्षा जास्त काळी किंवा जास्त चकचकीत असेल तर तिथे कळते. अल्बमच्या आकाराची एक प्रिंट काढून हातात धरून पाहा. आणि असा फोटो ओळखपत्राच्या अर्जाला लावायला देऊ नका. त्यासाठी मूळ फाइल वेगळी जपून ठेवा.