सत्राच्या मधेच शिक्षिकेचा राजीनामा: ई-मेल पाठवला म्हणजे झाले का?

सप्टेंबरमधली रात्र. नाशिक जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेतली विज्ञान शिक्षिका मोबाइलवर चार ओळी टाइप करते. ‘मा. मुख्याध्यापक, वैयक्तिक कारणास्तव मी तत्काळ राजीनामा देत आहे. कृपया मंजूर करून ३० दिवसांत कार्यमुक्त करावे.’ पतीची बदली नागपूरला झालेली, घर हलवायचे आहे, कारण खरे आहे. प्रसंग काल्पनिक असला, तरी असे ई-मेल दरवर्षी शाळांमध्ये येतात. या चार ओळींत तीन अडचणी आहेत आणि त्यांचा फटका दहावीच्या वर्गालाही बसतो.

पहिली अडचण पत्त्याची. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ची नियमावली आहे. अधिनियमाचे कलम ७ सांगते की, राजीनाम्याच्या दोन प्रती काढाव्यात, दोन्हींवर सही आणि तारीख असावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी आपल्याकडे ठेवावी. व्यवस्थापन म्हणजे संस्था; मुख्याध्यापक नव्हेत. त्यामुळे मुख्याध्यापकांना गेलेला ई-मेल ही सूचना ठरते, कायद्याला हवा तसा राजीनामा नव्हे.

कायदा टपालावर एवढा का अडतो? कारण ही तरतूद मुळात शिक्षकाच्या बाजूची आहे. कोऱ्या कागदावर आधीच सही घेऊन ठेवायची आणि हवी तेव्हा तारीख टाकायची, असला प्रकार टपालाच्या पावतीमुळे अवघड होतो. टपाल खात्याने २०२५मध्ये नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन केले. त्यामुळे आता खिडकीवर ‘नोंदणीसह स्पीड पोस्ट’ असे स्पष्ट सांगावे आणि पावती जपून ठेवावी.

दिवाळी आड येते

दुसरी अडचण मुदतीची आणि बहुतेकांची चूक इथेच होते. नियम ४० नुसार कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची, तर कायम नसलेल्याला एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. आपल्या शिक्षिकेची सेवा सात वर्षांची, ती कायम आहे. म्हणजे तिने लिहिलेले ३० दिवस पुरत नाहीत.

बरे, तिने १२ सप्टेंबरला तीन महिन्यांची नोटीस दिली असती तर? तीही बसत नाही. ज्यांना सुट्टीचा लाभ मिळतो, त्यांना सुट्टीत नोटीस देता येत नाही आणि नोटिशीच्या काळात सुट्टीचा कोणताही भाग येऊन चालत नाही, असे हाच नियम सांगतो. १२ सप्टेंबर ते ११ डिसेंबर या काळात दिवाळीची सुट्टी येणारच. पहिले सत्र सुरू झाल्यापासून महिनाभरही नोटीस देता येत नाही. कायम शिक्षकाला जून, दिवाळी आणि मे चुकवून तीन सलग महिने शोधायचे, तर वर्षात दरवाजे फार थोडे उरतात.

तिच्यासाठी सोयीचा दरवाजा दिवाळीनंतरचा. शाळा ३ नोव्हेंबरला उघडते असे धरू. त्या दिवशी नोटीस दिली, तर मुदत २ फेब्रुवारीला संपते. पण तिला नव्या वर्षाच्या सुरुवातीलाच नागपूर गाठायचे आहे. अशा वेळी संस्था लवकर सोडू शकते, मात्र कमी पडलेल्या काळाचे वेतन शिक्षकाने भरायचे असते. हे वेतन भत्ते वगळून मोजतात. तिचे मूळ वेतन ४४,९०० रुपये असेल आणि ती २ जानेवारीला कार्यमुक्त झाली, तर एक महिना कमी पडतो. म्हणजे भरायचे ४४,९०० रुपये. महागाई भत्ता आणि घरभाडे त्यात धरायचे नाही. संपूर्ण पगाराची मागणी झाली, तर नियम दाखवता येतो.

‘जाऊ द्या हो, ओळखीतल्याच आहेत’ म्हणून संस्थेने नोटीस आणि पैसे दोन्ही सोडले, तर तेवढी रक्कम शाळेच्या अनुदानातून कापली जाऊ शकते. मुख्याध्यापक अडून बसतात त्यामागे अनेकदा हे कारण असते, निव्वळ आडमुठेपणा नव्हे. सीबीएसई किंवा आयसीएसई शाळेत नेमणूकपत्रातली नोटिशीची अट आधी वाचावी. तिथे मुदत आणि भरपाई वेगळी लिहिलेली असू शकते.

वर्ग कोणाच्या हाती?

तिसरी अडचण त्या ई-मेलमध्ये जे नाही त्याची. नववी-दहावीच्या चार तुकड्या मधेच सोडताना नव्या शिक्षकाला ‘अभ्यासक्रम बराच झाला आहे’ हे वाक्य काही कामाचे नाही. दहावी ‘अ’मध्ये कोणता धडा चालू आहे, ‘ब’मध्ये कोणते प्रयोग राहिलेत, किती प्रयोगवह्यांवर सही बाकी आहे, हे तुकडीनिहाय एका कागदावर हवे. दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा लेखी परीक्षेच्या आधी होतात. तोवर ती गेलेली असणार. म्हणून अंतर्गत गुणांची नोंद तिने स्वतः पूर्ण करून, सही करून द्यायची. कोणाच्या प्रयोगवहीला किती गुण दिले, हे मागाहून फोनवर विचारून भरणे म्हणजे मुलांच्या गुणांशी खेळ.

तपासायच्या उत्तरपत्रिका मोजून द्याव्यात आणि मोजून घेणाऱ्याची सही घ्यावी. एक गठ्ठा हरवला, तर शेवटी कोणाकडे होता एवढाच प्रश्न विचारला जातो. प्रश्नपत्रिकेचा मसुदा तयार असेल, तर तो ई-मेलला जोडू नये. बंद पाकिटात हातोहात द्यावा. मंडळाने परीक्षक म्हणून नेमले असेल, तर ते काम शाळेच्या राजीनाम्याने आपोआप सुटत नाही. विभागीय मंडळाला वेगळे पत्र द्यावे लागते. एखाद्या मुलाचे आजारपण किंवा घरची अडचण माहीत असेल, तर ती वर्गशिक्षकांना तोंडी सांगावी, यादीत लिहू नये. आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटाचे ॲडमिनपद सोपवायला विसरू नये. हे सगळ्यात शेवटी आठवते.

मग ई-मेल कसा असावा? सुमारे असा:

‘मा. मुख्याध्यापक,
स.न. मी आज ३ नोव्हेंबर रोजी राजीनाम्याची स्वाक्षरी केलेली प्रत संस्थेच्या सचिवांकडे नोंदणीसह स्पीड पोस्टने पाठवली आहे. पावती सोबत जोडली आहे. तीन महिन्यांची नोटीस २ फेब्रुवारीला पूर्ण होते. कौटुंबिक स्थलांतरामुळे २ जानेवारीला कार्यमुक्त करावे, ही विनंती. कमी पडणाऱ्या एक महिन्याचे वेतन नियमानुसार भरण्यास मी तयार आहे. नववी-दहावीच्या चारही तुकड्यांच्या कामाची यादी जोडली आहे. अंतर्गत गुण व सर्व प्रयोगवह्या २० डिसेंबरपर्यंत पूर्ण करून देईन. पुढील शिक्षक ठरल्यास त्यांच्यासोबत आठवडाभर वर्गात थांबण्याची तयारी आहे.’

संस्थेने लवकर सोडण्यास नकार दिला, तर मुदत २ फेब्रुवारीपर्यंत चालूच राहते. तेव्हा नागपूरच्या नव्या शाळेला रुजू होण्याची तारीख लेखी उत्तर हाती येईपर्यंत सांगू नये. निघताना कार्यमुक्ती आदेश, सेवापुस्तकातली नोंद आणि अंतिम वेतन प्रमाणपत्र मागून घ्यावे. पुढची शाळाही अनुदानित असेल, तर या कागदांशिवाय शालार्थ प्रणालीत पगार सुरू करताना अडचण येते. आणि राजीनामा स्वेच्छेने नसून घ्यायला लावला असेल, तर शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. सेवा संपल्याचा आदेश मिळाल्यापासून त्यासाठी ३० दिवस असतात.