गल्ल्यात आलं, पण कमावलं का?

पाण्याच्या फिल्टरची देखभाल करणारा एक दुकानदार डोळ्यांसमोर आणा. वर्षभराच्या देखभालीला, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘एएमसी’ म्हणतो त्याला, तो ३,६५० रुपये घेतो. १ जानेवारी २०२५ पासून सुरू होणारे चारशे करार त्याने केले आणि सगळ्यांनी पैसे आधीच भरले. बँकेत १४ लाख ६० हजार जमा. वर १८ टक्के जीएसटी आला, पण ते पैसे सरकारचे. ते उत्पन्नात धरतच नाहीत. (सेवेची आगाऊ रक्कम हातात पडली की तिच्यावरचा जीएसटी मात्र लगेच पूर्ण भरावा लागतो. सरकार बारा महिने थांबत नाही.)

३१ मार्चला हिशेबाचं वर्ष संपलं. या वर्षाचं उत्पन्न किती?

दुकानदार म्हणेल, १४ लाख ६० हजार. पासबुक बघा की! त्याचा हिशेबनीस म्हणेल, ३ लाख ६० हजार. करार दिवसाला दहा रुपयांचा, मार्चअखेर नव्वद दिवस झाले, म्हणजे एका ग्राहकामागे नऊशे रुपये कमावले. उरलेल्या ११ लाखांची सेवा अजून द्यायची आहे. म्हणून पैसे आले त्या दिवशी बँक खातं नावे पडतं आणि जमा होतं ते ‘आगाऊ मिळालेलं उत्पन्न’ या खात्याला. नावात उत्पन्न असलं तरी ताळेबंदात हे खातं देण्यांच्या बाजूला बसतं. दर महिन्याला त्यातला एक तुकडा नफा-तोटा पत्रकात जातो आणि देणं तेवढं कमी होतं.

मोठ्या कंपन्यांसाठी १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या ‘इंड एएस ११५’ या मानकाचा गाभा हाच आहे: ग्राहकाला दिलेला शब्द जसजसा पाळला जाईल, तसतसं उत्पन्न धरायचं. पैसे कधी आले याला इथे महत्त्व नाही.

यावर दुकानदाराची हरकत ठरलेली असते. ‘निम्मे ग्राहक वर्षभर फोनच करत नाहीत. मग त्यांची कसली सेवा उरली?’ पण त्याने विकलं काय, ते पाहा. बिघडलं तर येईन, एवढाच त्याचा शब्द आहे. फिल्टर बिघडो न बिघडो, माणूस आणि सुटे भाग घेऊन तयार राहणं हीच सेवा, आणि ती रोज थोडी थोडी दिली जाते. म्हणून इथे दिवसांवर वाटणी. जिमच्या वार्षिक वर्गणीचंही तसंच. फेब्रुवारीनंतर तिकडे फिरकणं बंद केलेल्या सदस्याचे पैसेसुद्धा जिमला महिन्यामहिन्यानेच कमवावे लागतात.

दिवसांचं गणित प्रत्येक ठिकाणी मात्र चालत नाही. समजा करारात लिहिलंय की जूनमध्ये फिल्टरचा नवा संच बसवून मिळेल. आता शब्द दोन झाले. संच सुटा घेतला तर १,२०० रुपयांना मिळतो, नुसती देखभाल २,८०० ला. दोन्ही मिळून ४,०००. आपला करार ३,६५० चा, तेव्हा सवलत दोघांवर त्याच प्रमाणात पसरायची. संचाच्या वाट्याला १,०९५ येतात आणि देखभालीच्या वाट्याला २,५५५, म्हणजे दिवसाला सात रुपये. संचाचे पैसे जूनमध्ये तो बसवल्यावर उत्पन्नात येतील. त्यामुळे मार्चअखेर चारशे ग्राहकांचं उत्पन्न ३ लाख ६० हजार नाही, २ लाख ५२ हजार. पैसे तेवढेच, ग्राहक तेवढेच. करारातल्या एका ओळीने लाखाच्या वर फरक पडला. माझ्या मते खऱ्या चुका इथेच होतात, कारण करार विक्रीवाले लिहितात आणि हिशेबनिसाच्या हातात फक्त पावती येते.

मोठ्या आकड्यांत हे कसं दिसतं, ते बायजूजच्या हिशेबांत सगळ्यांनी पाहिलं. मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षाचे हिशेब जवळजवळ दीड वर्षाने, सप्टेंबर २०२२ मध्ये बाहेर आले आणि तोटा साडेचार हजार कोटींच्या वर निघाला. कंपनीने सांगितलेल्या कारणांपैकी एक हेच होतं: उत्पन्न कधी धरायचं याची पद्धत बदलली, आणि त्या वर्षाच्या उत्पन्नाचा सुमारे ४० टक्के भाग पुढच्या वर्षांकडे ढकलावा लागला.

वार्षिक पॅकेज विकणाऱ्या एखाद्या कंपनीचा ताळेबंद हाती आला, तर देण्यांच्या बाजूला ‘करार दायित्व’ किंवा ‘आगाऊ मिळालेलं उत्पन्न’ शोधा. विक्री जोरात आणि हा आकडा नाममात्र असेल, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे कुठे दाखवलेत, ते आधी विचारायला हवं.