मरिया देवमाता की ख्रिस्तमाता?

इसवी सन 428 मध्ये नेस्तोरियस कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला. लोक मरियेला 'देवमाता' म्हणत, ते त्याला खटकलं. अनादी देव एका स्त्रीच्या पोटी कसा जन्मेल? त्यापेक्षा तिला 'ख्रिस्तमाता' म्हणा, असं त्याचं म्हणणं. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल यावर तुटून पडला. जन्मलेला आणि क्रुसावर मेलेला ख्रिस्त देवापासून वेगळा काढला, तर माणसाला तारलं कोणी, हा त्याचा प्रश्न होता.

सम्राट दुसऱ्या थिओडोसियसने 431 मध्ये इफिससला परिषद बोलावली. अँटिओकचे बिशप वाटेतच होते. सिरिलने त्यांची वाट न पाहता 22 जूनला कामकाज सुरू केलं आणि त्याच दिवशी नेस्तोरियसला पदच्युत केलं. चार दिवसांनी पोहोचलेल्या अँटिओकच्या योहानाने वेगळी सभा भरवून सिरिललाच पदच्युत ठरवलं! दोघांत समेट व्हायला 433 साल उजाडलं.

पुढे युटिकेस नावाचा मठाधिपती दुसऱ्या टोकाला गेला. एकरूप झाल्यावर ख्रिस्ताचा स्वभाव एकच उरला, असं तो सांगू लागला. म्हणून 451 च्या खाल्केदोन परिषदेने दोन्हीकडे कुंपण घातलं: ख्रिस्त ही एकच व्यक्ती, पण तिचे दैवी आणि मानवी असे दोन स्वभाव. ते एकमेकांत मिसळत नाहीत की बदलत नाहीत, हे युटिकेसला उत्तर. ते विभागले जात नाहीत की वेगळे होत नाहीत, हे नेस्तोरियसला.

तरीही वाद मिटला नाही. इजिप्त आणि सीरियातल्या अनेकांना या सूत्रात नेस्तोरियसच दिसला. केरळचं मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्च आजही खाल्केदोन परिषद मानत नाही.