वर्कशीटचा फोटो आणि आईचे इंग्रजी

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते 2000 साली. त्याआधी शाळेत गेलेल्या मुलांची एबीसीडीशी गाठ पाचवीत पडे. आज ज्यांची मुले पहिली-दुसरीत आहेत त्या आयांपैकी काही त्या जुन्या पद्धतीत शिकल्या, काही नव्या पद्धतीच्या पहिल्या तुकड्यांत. दोघींच्याही हाती बहुधा वाचता येण्याइतके, पण बोलायला धजावणार नाही असे इंग्रजी आले. मूल मात्र इंग्रजी माध्यमात असते आणि शाळेतून रोज एक छापील वर्कशीट घरी येते. त्यावरची सूचना कळत नाही, म्हणून आई मोबाइलवर वर्कशीटचा फोटो काढते आणि भाषांतराच्या सोयीने मराठी वाचते. या साध्या कृतीतून आईचे इंग्रजी केव्हा वाढते आणि केव्हा नुसता गृहपाठ उरकला जातो, हे फोटो काढल्यानंतर काय होते यावर ठरते.

कॅमेऱ्यातून होणारे भाषांतर दोन टप्प्यांत घडते. पहिल्या टप्प्यात चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर केला जातो, दुसऱ्या टप्प्यात त्या मजकुराचे मराठी होते. गूगलच्या भाषांतरात मराठी 2013 साली आली आणि 2017 पासून वाक्याचे सुटे तुकडे जोडण्याऐवजी पूर्ण वाक्य विचारात घेणारी पद्धत मराठीसाठी वापरात आली, तेव्हा वाक्ये बरीच सुधारली. चुका मात्र दोन्ही टप्प्यांवर होतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. मराठी विचित्र वाटले की आधी ओळखलेला इंग्रजी मजकूर पडद्यावर उघडून कागदाशी ताडावा. इंग्रजीच चुकले असेल तर फोटो पुन्हा काढावा लागेल. इंग्रजी बरोबर असून मराठी विचित्र असेल, तर कितीही फोटो काढले तरी फरक पडत नाही. तिथे अर्थ आपल्यालाच लावावा लागतो.

फोटो बिघडण्याची कारणे घरगुती असतात. झेरॉक्सची फिकी प्रत, घडी पडलेला कागद, बल्बखाली धरलेल्या मोबाइलची सावली. खिडकीजवळच्या उजेडात कागद जमिनीवर सपाट ठेवून मोबाइल त्याच्या बरोबर वर आडवा धरला की बहुतेक अडचण संपते. वर्कशीटच्या काही खोडी मात्र उरतातच. गिरवण्यासाठी ठिपक्यांत काढलेली अक्षरे अनेकदा ओळखली जात नाहीत. गाळलेल्या जागेची रेघ वाक्य मधोमध तोडते. जोड्या लावायच्या प्रश्नात डावा आणि उजवा स्तंभ एकाच ओळीत वाचला गेला, तर गाय आणि घरटे एका वाक्यात येऊन बसतात. म्हणून पूर्ण पानाचा फोटो घेतला तरी एका वेळी एकच सूचना निवडून तिचेच भाषांतर पाहणे सोयीचे. बाईंनी लाल पेनने जोडाक्षरी इंग्रजीत लिहिलेला शेरा वाचायला कॅमेराही अडखळतो, तो शेरा बाईंनाच विचारलेला बरा.

एक नमुना घेऊ. पिंपरी-चिंचवडसारख्या औद्योगिक शहरात राहणारी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून दहावी झालेली आई आणि दुसरीत शिकणारी तिची मुलगी. वर्कशीटवर तीन प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न वजाबाकीचा. वर लिहिले आहे, ‘रीग्रुप अँड फाइंड द डिफरन्स’, आणि खाली 52 वजा 27 उभ्या मांडणीत आहे. कॅमेरा सांगतो, ‘पुन्हा गट करा आणि फरक शोधा.’ भाषांतर म्हणून यात मोठी चूक नाही, तरी आईला काहीच उमगत नाही. फरक शोधायचा म्हणजे दोन चित्रांतला, असे मुलीलाही वाटते. आई मग सूचना सोडून खालची मांडणी पाहते. दोनातून सात जात नाहीत, पाच दशकांतले एक दशक सुटे केले, बारातून सात गेले पाच राहिले, चारातून दोन गेले दोन राहिले, उत्तर पंचवीस. हे तिला लहानपणापासून येते. डिफरन्स म्हणजे वजाबाकी करून उरते ते, आणि रीग्रुप म्हणजे दशक सुटे करणे, हे तिला गणितावरून कळले, भाषांतरावरून नव्हे. गणिताच्या वर्कशीटवर असे नेहमी घडते. विषय आईला येत असतो, फक्त दाराला कुलूप इंग्रजीचे असते. बेरजेच्या पानावर ‘कॅरी’ दिसले की तो आपला हातचा, हेही अशाच रीतीने उलगडते.

इथे एक उलटी देवाणघेवाणही होते. आई ‘बावन्न’ म्हणते तेव्हा मुलगी विचारते, म्हणजे किती? तिला ‘फिफ्टी टू’ माहीत आहे. मराठी संख्यानामांत एकक आधी आणि दशक नंतर येते, शिवाय जोडाक्षरे भरपूर. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात बावीसच्या जोडीला ‘वीस दोन’ असे वाचन सुचवले गेले आणि मोठा वाद झाला, त्याचे मूळ याच अडचणीत होते. घरात मात्र वाद न होता दोन्ही नावे शेजारी शेजारी राहू शकतात.

दुसरा प्रश्न: ‘सर्कल द ऑड वन आउट.’ मँगो, बनाना, कॅरट, ग्रेप्स. पूर्ण वाक्य निवडले तर ‘वेगळा असलेला शब्द ओळखून गोल करा’ अशा अर्थाचे काहीतरी मिळण्याची शक्यता असते. एकटा ‘ऑड’ निवडला तर ‘विचित्र’ किंवा ‘विषम’ मिळते, आणि विषम पाहून आई आकडे शोधू लागते. शब्दाला सोबत असेल तर अर्थ नीट लागतो, म्हणून वाक्य तोडू नये. ‘टेक अवे’ दिसले तर ते घेऊन जाणे नसून वजा करणे असते, ‘पॅसेज’ म्हणजे वाट नसून उतारा असतो, हे शाळेच्या कागदावरचे अर्थ आहेत आणि ते थोड्याच दिवसांत ओळखीचे होतात. गाजर भाजी आहे, बाकी फळे, हे मुलीने आधीच सांगितलेले असते.

तिसऱ्या प्रश्नात मात्र भाषांतर पूर्ण फसते. ‘सर्कल द वर्ड्स दॅट राइम विथ कॅट.’ हॅट, सन, बॅट, मॅट. पूर्ण पानाचे मराठी झाले की पडद्यावर उरतात मांजर, टोपी, सूर्य, वटवाघूळ, चटई. मांजराशी यमक जुळणारा शब्द यात शोधून सापडणार नाही. प्रश्न अर्थाचा नसून आवाजाचा होता आणि अर्थ आणताना आवाज गेला. स्पेलिंग, यमक, सुरुवातीचा ध्वनी, अनेकवचन, क्रियापदाचे भूतकाळी रूप, असे इंग्रजी भाषेविषयीच असलेले सगळे प्रश्न या प्रकारात मोडतात. त्यांत फक्त सूचनेचे मराठी पाहावे आणि शब्द इंग्रजीतच ठेवून ऐकावेत. भाषांतराच्या सोयीत मूळ शब्द मोठ्याने ऐकवणारे बटण असते, त्याचा खरा उपयोग इथे आहे. सर्वात चांगले म्हणजे मुलीलाच वाचायला सांगणे.

“तू वाच, मी ऐकते,” आई म्हणते.

“कॅट, हॅट, सन... सन नाही जुळत, आई.”

“का गं?”

“शेवटी अ‍ॅट नाही येत.”

मुलीला शाळेत शिकवलेली फोनिक्सची रीत आईने कधी ऐकलेलीच नव्हती. मुलीला आवाज येतो पण पुष्कळदा वाक्याचा अर्थ लागत नाही. आईला अर्थ काढता येतो पण उच्चाराची खात्री नसते. दोघींकडे अर्धा अर्धा भाग आहे, आणि वर्कशीट सोडवताना तो एकत्र येतो.

आईचे स्वतःचे शिकणे कुठे अडते, तेही या सोयीच्या रचनेत दडलेले आहे. कॅमेरा कागदावरचे इंग्रजी झाकून त्याच जागी मराठी बसवतो. पान वाचता येते, पण इंग्रजी दिसेनासे होते. अशा रीतीने वर्षभर फोटो काढले तरी ‘फिल इन द ब्लँक्स’ दर वेळी नव्यानेच भेटते. त्यामुळे क्रम बदलावा लागतो. आधी सूचना इंग्रजीत वाचून अंदाज बांधायचा, मग फोटोने तो तपासायचा आणि शेवटी वहीत उतरवायचे. वहीत एका ओळीत इंग्रजी शब्द, त्याचा देवनागरीत उच्चार, मराठी अर्थ आणि तो ज्या प्रश्नात आला तो प्रश्न. यातला प्रश्न गाळू नये, कारण ‘डिफरन्स’समोर नुसते ‘फरक’ लिहिले तर पुढच्या वजाबाकीला पुन्हा तोच घोटाळा होतो. पहिली-दुसरीच्या वर्कशीटवर सूचनांचे शब्द फार थोडे असतात आणि तेच ते येतात: मॅच, सर्कल, टिक, काउंट, कलर, राइट, ट्रेस, फिल. एवढे वहीत आले की सूचनांसाठी फोटोची गरज झपाट्याने कमी होते.

आईच्या शिकण्याचा मुलांवर किती परिणाम होतो, याचे मोजमाप भारतात झालेले आहे. रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलंड यांनी बिहार आणि राजस्थानात केलेला अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. काही घरांतील आयांना साक्षरता वर्ग दिले, काहींना मुलांचा अभ्यास घरी कसा घ्यावा याचे प्रशिक्षण, तर काहींना दोन्ही. तिन्ही गटांत मुलांचे गणित सुधारले, पण माफकच. आयांचे स्वतःचे भाषा आणि गणितातले गुण वाढले आणि मुलांच्या शिक्षणात त्यांचा सहभागही वाढला. तिथे इंग्रजी किंवा मोबाइलचा प्रश्न नव्हता, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा वर्कशीटच्या फोटोला लावता येणार नाही. आई शेजारी बसून शिकली की मुलाचे गुण एकदम चढतील, अशी अपेक्षा मात्र त्या आकड्यांवरून धरू नये.

फोटो काढताना एक खबरदारी घ्यावी. वर्कशीटच्या माथ्यावर मुलाचे नाव, इयत्ता, तुकडी आणि शाळेचे नाव असते. तेवढा भाग दुमडून फोटो घेतला तर काही बिघडत नाही, विशेषतः तोच फोटो पुढे पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर जाणार असेल तर. इंग्रजी आणि मराठीचा भाषासंच एकदा मोबाइलवर उतरवून ठेवला की नेट नसतानाही काम भागते, भाषांतराचा दर्जा थोडा उतरतो इतकेच.

तिसरी-चौथीत वर्कशीटचे रूप बदलते. सूचना त्याच राहतात, पण परिसर अभ्यासाचे लांब उतारे येतात आणि उत्तरे पूर्ण वाक्यांत लिहायची असतात. उताऱ्याचे मराठी भाषांतर वाचून आईला विषय समजतो. तो ती मुलीला मराठीत समजावू शकते आणि मुलगी इंग्रजीत उत्तर लिहू शकते. ते उत्तर व्याकरणाने बरोबर आहे की नाही, हे वहीतल्या सूचनांच्या शब्दांवरून सांगता येत नाही. उत्तराचे उलट मराठी करून पाहिले तरी कळत नाही, कारण चुकलेल्या इंग्रजीचेही भाषांतर पुष्कळदा सुरळीत मराठीत होते. तिथे वही बाईंकडे तपासायला जाते.