रविवारची नोंद, राउंड फिगर आणि हापूसचा हंगाम

जर्नल एन्ट्री टेस्टिंगवर काम करायचं ठरवलं की बहुतेक जण दोन चाळण्यांपासून सुरुवात करतात: सुट्टीच्या दिवशीच्या नोंदी आणि राउंड फिगर रकमा. व्यवस्थापनच नियंत्रणं डावलू शकतं, म्हणून एसए २४० हे लेखापरीक्षा मानक अशा नोंदी, विशेषतः वर्षअखेरच्या, तपासायला सांगतं. पण चाळणी कोणत्या तारखेला लावायची, इथेच गाडी अडते.

रत्नागिरीतली आंब्याचा पल्प करणारी एक कंपनी समजा (आकडे कल्पित). वर्ष २०२३-२४, हाताने केलेल्या नोंदी ९,०००. आधी पूर्णता तपासायची: प्रत्येक खात्यात आरंभीची शिल्लक अधिक सगळ्या नोंदी म्हणजे अखेरची शिल्लक यायला हवी. ती जुळत नसेल तर मिळालेली फाइलच अर्धवट आहे आणि पुढचं विश्लेषण व्यर्थ.

आता रविवार शोधले. ५४० नोंदी सापडल्या, त्यातल्या ४१० एकट्या ३१ मार्चच्या. कारण साधं आहे: ३१ मार्च २०२४ ला रविवारच होता, आणि घसारा, तरतुदी वगैरे वर्षअखेरच्या नोंदी त्याच तारखेला टाकल्या जातात. म्हणून पुस्तकातली तारीख नव्हे, तर नोंद प्रत्यक्ष टंकली ती तारीख घ्यायची. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांचा माग ठेवणं सक्तीचं आहे, त्यामुळे ही तारीख मागता येते.

```python
d["ravivar"] = d["created_on"].dt.dayofweek == 6
d["gol"] = d["amount"] % 100000 == 0
x = d[d["ravivar"] & d["gol"]]
```

तरीही एप्रिल-मेमधल्या बऱ्याच नोंदी उरतात. हंगामात आंबा रविवारची वाट बघत नाही, आणि बागायतदाराला उचल द्यायची तर एक लाख, दोन लाख अशीच देतात. म्हणजे इथे रविवार आणि राउंड फिगर दोन्ही नेहमीचंच! उचलीचं खातं नावे आणि बँक जमा, ही जोडी बाजूला काढा.

मग एक नोंद उरते. टंकली २८ एप्रिल २०२४, रविवार. पुस्तकात तारीख ३१ मार्च. ग्राहकाचं खातं नावे, विक्री जमा, १५,००,००० रुपये. तपशील कोरा, आणि नोंद करणाऱ्याने वर्षभरात विक्रीची दुसरी एकही नोंद केलेली नाही. आता बीजक, माल बाहेर गेल्याची पावती, आणि नव्या वर्षात ही नोंद उलटवली का, हे बघायचं. कागद नीट असतील तर विषय संपला. चाळणी फक्त कुठे बघायचं ते सांगते, अफरातफर सिद्ध करत नाही.

उलट बाजूही आहे. हेच काम कुणी मंगळवारी १४,८७,३५० रुपयांनी केलं तर दोन्ही चाळण्यांतून ते निसटेल. म्हणून दिवस आणि रकमेच्या जोडीला खात्यांची विरळ जोडी आणि नोंद करणारी व्यक्ती याही कसोट्या स्वतंत्रपणे लावाव्या लागतात.