ताण जुना, पाणी निमित्त

समजा, १९६७ च्या कोयना भूकंपावर पावणेदोन तासांचं एक चांगलं व्याख्यान यूट्यूबवर चढवायचं आहे. अभ्यासकाने मेहनत घेतली आहे, नकाशे आहेत, जुनी छायाचित्रं आहेत. चित्रीकरण झालं, संकलन झालं, आणि शेवटच्या दिवशी घाईत थंबनेल तयार झालं. लाल पट्टीवर ठळक अक्षरांत ‘धरणामुळेच भूकंप!’ आणि खाली शीर्षक, ‘कोयना भूकंप १९६७ : धरणाचा खरंच संबंध होता का?’

चित्र ठामपणे उत्तर देतं आणि शीर्षक तोच प्रश्न विचारतं. दोघांपैकी एक खोटं आहे, आणि कोणतं ते प्रेक्षकाला पावणेदोन तास दिल्याशिवाय कळणार नाही.

आधी व्याख्यानात नेमकं काय सांगितलंय ते पाहू. त्या भागातल्या खडकांत ताण आधीपासून साठलेला होता, भूगर्भात भेगा होत्या. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शिवाजीसागर जलाशय भरू लागला आणि परिसरात लहान धक्के जाणवू लागले. पाण्याचं वजन खालच्या खडकांवर पडलं, शिवाय पाणी फटींमधून खोल झिरपलं आणि तिथला दाब वाढला. भेगेच्या दोन बाजूंना एकमेकींवर घट्ट धरून ठेवणारी पकड त्यामुळे सैल झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा धक्का बसला, सुमारे १८० माणसं गेली. मोकळी झालेली ऊर्जा धरणाने निर्माण केलेली नव्हती, खडकातलीच होती. पाण्याने तिला वाट करून दिली. ‘धरणामुळेच’ या शब्दातला ‘च’ हे सगळं पुसून टाकतो.

व्हिडिओत बरोबर सांगितलंय ना, मग थंबनेलने जरा जोरात हाक मारली तर काय बिघडलं, असं अनेक चॅनलवाले मनापासून विचारतात. यूट्यूब स्वतः सांगतं की निम्म्या चॅनल्सच्या थंबनेलवर क्लिक होण्याचं प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतं. म्हणजे शंभर वेळा ते चित्र पडद्यावर आलं, तर नव्वद किंवा त्याहून अधिक वेळा समोरचा माणूस नुसतं वाचून पुढे सरकतो. त्याच्यापुरतं ते थंबनेल हेच अख्खं व्याख्यान. त्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी असतो, कोयनेकाठच्या गावातली आजी असते. आपण चुकीचं शिकवलं ते नेमकं त्यांना, आणि दुरुस्त करायची संधीही गमावली.

म्हणून माझी पहिली अट अशी की थंबनेलवरचा मजकूर शीर्षकाशिवाय खरा असावा आणि शीर्षक थंबनेलशिवाय. एक हाताने झाकायचं, विषय माहीत नसलेल्या कुणाला तरी दुसरं वाचायला द्यायचं आणि विचारायचं, ‘यात काय सांगितलं असेल?’ मग उलट करायचं. दोन्ही उत्तरं एकाच गावाला पोचली पाहिजेत.

मराठीत या परीक्षेत एक खास अडचण येते. शीर्षकाला १०० अक्षरांची मुभा असली, तरी फोनवर साधारण दोन ओळी दिसतात, कधी त्याहून कमी, आणि उरलेलं तीन टिंबांत जातं. आपल्या वाक्यात ‘का’, ‘नाही’, ‘असं म्हणतात’ हे सगळं शेवटी येतं. ‘१९६७ साली कोयनानगर परिसरात झालेला विनाशकारी भूकंप शिवाजीसागर जलाशयामुळे झाला असं म्हणता येईल का?’ हे शीर्षक मर्यादेत बसतं. पण ‘जलाशयामुळे झाला…’ इथे तुटलं, की प्रश्नाचं विधान होतं. लिहिणाऱ्याचा हेतू स्वच्छ असूनही फसवणूक झाली. तेव्हा शीर्षक पहिल्या तीस-पस्तीस अक्षरांवर तोडून वाचावं. तुटलेला तुकडाही खरा राहिला पाहिजे.

थंबनेलचीही अशीच एक जागा आहे. उजव्या खालच्या कोपऱ्यावर व्हिडिओची लांबी छापून येते. लांब व्हिडिओत ‘१:४५:१२’ एवढी पट्टी येते, ती चार मिनिटांच्या गाण्याच्या पट्टीपेक्षा रुंद असते. मजकुराचं प्रश्नचिन्ह बहुतेक वेळा त्याच कोपऱ्यात येऊन बसतं, आणि झाकलं जातं. मजकूर वर किंवा डावीकडे घ्यावा, आणि पूर्ण चित्र बोटाच्या पेराएवढं लहान करून पाहावं.

छायाचित्राचाही मजकुराइतकाच विचार हवा. कोयनेचं धरण फुटलं नव्हतं. त्याला भेगा पडल्या, नंतर ते मजबूत करण्यात आलं. कुठल्यातरी परदेशी धरणाचा फुटलेला बांध थंबनेलवर टाकला, तर शब्द कितीही जपून लिहिले तरी डोळ्यांनी खोटंच वाचलेलं असतं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, प्रमाण. आपल्या व्याख्यानात समजा पहिली वीस मिनिटं त्या रात्रीची हकिगत आहे, मग जवळजवळ पन्नास मिनिटं पाणी आणि भेगांचं नातं, वीस मिनिटं धरणाच्या भेगा व दुरुस्ती, आणि शेवटी भूगर्भात खोल भोक पाडून चाललेलं संशोधन. मध्येच चार मिनिटं श्रोत्यांपैकी कुणीतरी विचारतं, ‘धरण फुटलं असतं तर?’ थंबनेलवर हाच प्रश्न टाकायचा मोह कुणालाही होईल. तो व्हिडिओत आहे, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही. पण १०५ मिनिटांपैकी चार मिनिटांच्या नावावर उरलेली १०१ मिनिटं खपवणं मला मान्य नाही. ज्या भागाला सर्वाधिक वेळ दिला, त्याचंच नाव दारावर हवं.

म्हणून मी ही जोडी अशी बांधेन. शीर्षक: ‘धरणाचं पाणी आणि १९६७ चा कोयना भूकंप : संबंध किती, कसा?’ विसर्गचिन्हाशी तुटलं तरी उरतं ते खरं आहे, आणि शोधणाऱ्याला लागणारे शब्द सुरुवातीलाच आहेत. थंबनेलवर फक्त ‘ताण जुना, पाणी निमित्त’, आणि मागे जलाशयाचं खरं छायाचित्र. शीर्षक विषय सांगतं, चित्र निष्कर्षाचा गाभा. ‘पाणी’ सोडलं तर एकाचे शब्द दुसऱ्यात पुन्हा येत नाहीत, तरी दोघांचं म्हणणं एक. भूकंपाची तीव्रता मी थंबनेलवर टाकणार नाही. ती कुठे ६.३ तर कुठे ६.५ अशी नोंदलेली आढळते. हा फरक व्याख्यानात सविस्तर सांगता येतो, थंबनेलवर नाही.

जोडी जमली की नाही, हे यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक टिकण्याच्या आलेखात दिसतं. पहिल्या तीस सेकंदांत उतार प्रत्येकच व्हिडिओला असतो, म्हणून तुलना आपल्याच तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओंशी करावी. क्लिक जास्त आणि सुरुवातीचा उतार नेहमीपेक्षा तीव्र, तर लोकांना दारावर एक सांगितलं आणि आत दुसरं मिळालं. कधी आलेख मध्यभागी एकाच ठिकाणी उंचावतो आणि आधीनंतर खोल जातो. लोक बाकी सगळं ओलांडून थंबनेलवरचा तेवढाच तुकडा शोधत होते. सरासरी पाहण्याची टक्केवारी कमी दिसली, तर मात्र लगेच घाबरू नये. लांब व्याख्यान माणसं तुकड्यातुकड्यानेही पाहतात.

तीन थंबनेलं एकाच वेळी लावून तुलना करण्याची सोयही आता आहे. तिचा निकाल क्लिकवर लागत नाही, पाहण्याच्या वेळावर लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये यूट्यूबने भारतात ढळढळीत फसव्या शीर्षक-थंबनेलांवर, विशेषतः बातम्यांच्या बाबतीत, कारवाई करण्याचं जाहीर केलं. ‘धरणामुळेच भूकंप!’ त्या चाळणीत अडकण्याची शक्यता कमीच. ते काढून टाकायचं, तर चढवणाऱ्यानेच, चढवण्याआधी.